फोडणी, उजेड आणि पहिले तीस सेकंद

माझ्या आत्येबहिणीचं यूट्यूबवर पाककृतींचं चॅनेल आहे. चित्रीकरण ती स्वतःच करते. ओट्यासमोर स्टँड, त्यावर मोबाइल, एवढाच तिचा स्टुडिओ. संकलन माझ्याकडे असतं. मागच्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी तिचा फोन आला. "दादा, माझ्या एक लक्षात आलंय. ज्या व्हिडिओची सुरुवात लख्ख उजेडात होते ना, त्याच्यावर लोक जास्त क्लिक करतात. काळपट कढईनं सुरुवात केली की व्हिडिओ आपटतो. तू एकदा मोजून बघशील का?"

तिच्या चॅनेलवर तेव्हा साठ व्हिडिओ होते. प्रत्येकाचा पहिला शॉट माझ्या हार्ड डिस्कवर होता आणि प्रत्येकाचे आकडे यूट्यूबच्या स्टुडिओत होते. म्हणजे मोजण्याला आडकाठी नव्हती. मी 'हो' म्हणालो आणि कामाला लागल्यावर पहिल्याच दिवशी अडलो, कारण तिच्या प्रश्नातच एक गाठ होती.

आपण यूट्यूब उघडतो तेव्हा समोर येतात ती छोटी चित्रं, म्हणजे थंबनेल. ते चित्र व्हिडिओ टाकणाऱ्यानं बहुतेक वेळा वेगळं तयार करून चढवलेलं असतं. आपण त्यावर बोट ठेवतो आणि मग पहिला शॉट सुरू होतो. थोडक्यात, पहिला शॉट क्लिकच्या नंतर येतो. जो प्रसंग अजून डोळ्यांसमोर आलेलाच नाही, त्याच्या उजेडामुळे माणूस क्लिक कसा करेल? याला एक पळवाट आहे, तीही सांगायला हवी. मोबाइलच्या होम पानावर व्हिडिओ काही क्षण आवाजाशिवाय आपोआप चालू होतो. अशा वेळी सुरुवातीचा तुकडा क्लिकच्या आधी दिसू शकतो. शॉर्ट्समध्ये तर थंबनेलचा संबंधच उरत नाही. तिथे पहिली चौकटच दारात उभी असते, आणि स्टुडिओही 'किती जणांनी पाहिलं आणि किती जणांनी पुढे सरकवलं' असाच हिशेब देतो. पण बहिणीचे व्हिडिओ सहा ते बारा मिनिटांचे आणि तिचे बरेचसे प्रेक्षक शोध करून येणारे. तिच्या बाबतीत पहिल्या शॉटचा उजेड आणि क्लिक यांच्यात नातं दिसलंच, तर ते थेट नसणार, मधे तिसरं काहीतरी असणार. ते तिसरं काय, हे शोधायचं होतं.

तरी आधी उजेड मोजायला हवा. 'लख्ख' आणि 'काळपट' हे शब्द हिशेबाच्या वहीत चालत नाहीत.

व्हिडिओच्या प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात. त्यांच्यापासून उजळपणा काढताना तिघांना सारखा मान नसतो. हाय डेफिनिशन व्हिडिओच्या प्रमाणानुसार हिरव्याचं वजन साधारण ७२ टक्के, लालचं २१ आणि निळ्याचं अवघं ७, कारण आपल्या डोळ्याला उजेडाची जाणीव सर्वांत जास्त हिरव्याकडून होते. त्यामुळे कोथिंबिरीची चटणी आणि गर्द निळी ताटली, दोन्ही रंग सारखेच भडक असले तरी, मोजणीत चटणी कितीतरी उजळ ठरते. हे वजन धरून एका चौकटीतल्या सगळ्या ठिपक्यांची सरासरी काढली की त्या चौकटीचा उजळपणा एका आकड्यात मिळतो. नेहमीच्या व्हिडिओत काळ्याला १६ आणि पांढऱ्याला २३५ हा आकडा असतो, म्हणून सरासरी या दोहोंच्या मधे कुठेतरी पडते.

हे काम ffmpeg नावाचं मोफत सॉफ्टवेअर एका ओळीत करतं. सुरुवातीची पाच सेकंद घ्यायची, दर सेकंदाला दोन चौकटी उचलायच्या आणि प्रत्येकीची सरासरी एका फाइलीत लिहायची:

```
ffmpeg -t 5 -i modak.mp4 -vf "fps=2,format=yuv420p,signalstats,metadata=print:key=lavfi.signalstats.YAVG:file=y.txt" -f null -
```

फाइलीत YAVG या नावापुढे दहा आकडे येतात. त्यांची सरासरी घेतली की त्या व्हिडिओच्या सुरुवातीचा उजळपणा हाती आला. साठ व्हिडिओंना अर्धा तासही लागला नाही. आणि साठांपैकी नऊ आकडे चक्क चुकीचे निघाले.

चूक सॉफ्टवेअरची नव्हती. त्यातल्या पाच व्हिडिओंची सुरुवात मीच काळोखातून हळूहळू उजळत नेली होती, त्यामुळे पहिल्या दोन-तीन चौकटी जवळजवळ काळ्या होत्या. उरलेल्या चारांना मी एकदा हौसेनं सिनेमासारख्या वरखाली काळ्या पट्ट्या लावल्या होत्या. पट्ट्यांचा परिणाम किती होतो ते बघा. २.३९ला १ या प्रमाणाचं रुंद चित्र नेहमीच्या १६ला ९च्या पडद्यावर बसवलं, तर पडद्याचा सुमारे चौथा हिस्सा काळा राहतो. मधल्या चित्राची सरासरी ११० असली तरी पट्ट्या धरून ती ८६वर घसरते. स्वयंपाकघरात उजेड तोच, दिवा तोच आणि वहीत मात्र व्हिडिओ 'काळपट' म्हणून नोंदला जातो. म्हणून पट्ट्या कापून मगच मोजायचं, आणि मोजण्याआधी प्रत्येक व्हिडिओची पहिली पाच सेकंदं एकदा डोळ्यांनी बघायची. हा कंटाळवाणा भाग टाळला तर पुढचं सगळं गणित वाया जातं.

यापेक्षा खोल अडचण मोबाइलच्या कॅमेऱ्यात होती. मोबाइलला समोरचं दृश्य मध्यम उजेडाचं करून दाखवायची सवय असते. पांढऱ्या टाइल्सची भिंत समोर आली की तो चित्र दाबतो, आणि काळ्या लोखंडी कढईचा जवळून शॉट घेतला की उचलून धरतो. बहिणीनं एकाच ट्यूबलाइटखाली, एकाच संध्याकाळी घेतलेल्या दोन शॉट्समध्ये हे स्पष्ट दिसत होतं. कढईच्या शॉटमध्ये मागची टाइल फुटल्यासारखी पांढरी, आणि टाइलच्या शॉटमध्ये बहिणीचा चेहरा सावळा पडलेला. सरासरी मात्र दोन्हींची जवळपास सारखी! साठपैकी बहुतेक व्हिडिओंचे आकडे असेच मधल्या पट्ट्यात गर्दी करून होते. ज्या गोष्टीत मुळात फरकच कमी आहे, तिचा कशाशी संबंध आहे ते शोधणं फार अवघड असतं. सगळ्या भाज्यांत एक-एक चमचाच मीठ असेल तर मिठानं चव किती बदलते हे कसं कळणार?

सरासरीबद्दल आणखी एक. काळ्या तव्यावर पांढरीशुभ्र भाकरी आणि सगळीकडे राखाडी सावट असलेलं वरण, या दोन चौकटींची सरासरी एकच येऊ शकते. पहिली डोळ्यांत भरते आणि दुसरी फिकी वाटते. म्हणून मी सरासरीच्या जोडीला दोन आकडे ठेवले, सर्वांत गडद दहा टक्के ठिपके कुठे संपतात आणि सर्वांत उजळ दहा टक्के कुठे सुरू होतात. त्याच ओळीत YAVGच्या जागी YLOW आणि YHIGH लिहिलं की ते मिळतात. दोहोंतलं अंतर मोठं असेल तर चित्र ठसठशीत, कमी असेल तर मळभ आल्यासारखं. खरं सांगायचं तर बहीण ज्याला 'लख्ख' म्हणत होती, ते या अंतराशी जास्त जुळत होतं, सरासरीशी कमी.

चित्रांचा उजेड असा मोजायची पद्धत काही यूट्यूबमुळे आलेली नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स कटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३५ ते २०१० या काळातल्या १६० इंग्रजी चित्रपटांचं असंच मोजमाप केलं आणि २०११मध्ये ते प्रसिद्ध केलं. चित्रपट दशकागणिक काळोखाकडे सरकत गेले, असं त्यातून दिसलं. त्यांनी पूर्ण चित्रपट मोजले, आम्ही पाच सेकंदं. पाच सेकंदांत एक काळी चौकट आली तरी आकडा हलतो.

रंगांचं प्रकरण उजेडाहून नाजूक आहे. रंगाची सरासरी काढणं हा सर्वांत सोपा आणि सर्वांत फसवा मार्ग. हिरवीगार पालेभाजी, लाल टोमॅटो आणि पिवळं वरण असलेल्या ताटाच्या सगळ्या ठिपक्यांची सरासरी काढा, हाती मातकट तपकिरी रंग येतो. ताटात तो रंग कुठेच नसतो. दुसरा सापळा रंगचक्राचा. रंगछटा वर्तुळावर अंशांत मोजतात आणि लाल रंग शून्य अंशापाशी येतो. एक ठिपका ३५० अंशांचा, किंचित गुलाबीकडे झुकणारा लाल, आणि दुसरा १० अंशांचा, किंचित केशरीकडे झुकणारा लाल. शाळेतल्या रीतीनं सरासरी काढली तर १८० येते, आणि १८० अंशांवर निळसर हिरवा रंग असतो! दोन लाल मिळून एक हिरवा. कोल्हापुरी तांबड्या रश्श्याचा व्हिडिओ माझ्या पहिल्या तक्त्यात 'हिरवट' म्हणून नोंदला गेला होता, तेव्हा ही चूक माझ्या ध्यानात आली.

यावर उपाय म्हणजे सरासरी न काढता ढीग करायचे. बाजारातून आलेली मिसळलेली कडधान्यं आपण परातीत घेऊन मूग वेगळे, मटकी वेगळी, चवळी वेगळी करतो, तसं चौकटीतल्या ठिपक्यांचे पाच ढीग करायचे. एकमेकांच्या जवळचे रंग एका ढिगात. प्रत्येक ढिगाचा मधला रंग कोणता आणि एकंदर चौकटीत त्याचा वाटा किती, एवढं लिहून ठेवायचं. संगणकाकडून हे करून घेण्याच्या रीतीला के-मीन्स म्हणतात. जवळचे आणि लांबचे रंग ठरवताना लाल-हिरवा-निळा हे आकडे थेट वापरत नाहीत. डोळ्याला जाणवणाऱ्या अंतराशी जुळेल असं लॅब नावाचं रंगांचं मापन आहे, ते वापरतात. अशा रीतीनं तांबड्या रश्श्याचा पहिला शॉट असा वाचता येतो: ४० टक्के गडद तपकिरी, २५ टक्के तांबडा, २० टक्के स्टीलचा राखाडी, बाकी पांढरा आणि थोडी हिरवी कोथिंबीर. हे वाचून शॉट डोळ्यांसमोर उभा राहतो.

आता क्लिकची बाजू. यूट्यूब इम्प्रेशन कशाला म्हणतं हे नीट समजून घ्यायला हवं. थंबनेलचा निदान अर्धा भाग एका सेकंदाहून जास्त वेळ पडद्यावर दिसला की एक इम्प्रेशन. त्यांतल्या किती इम्प्रेशननंतर व्हिडिओ पाहिला गेला, ते क्लिकचं प्रमाण. यूट्यूबच्याच सांगण्यानुसार निम्म्या चॅनेलांचं आणि व्हिडिओंचं हे प्रमाण २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतं. पण तो आकडा पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एक राहत नाही. व्हिडिओ आधी नेहमीच्या प्रेक्षकांना दिसतो. त्यांना बहिणीचा हात माहीत असतो, ते क्लिक करतात. व्हिडिओ चालू लागला की यूट्यूब तो अनोळखी लोकांपुढे मांडतं आणि प्रमाण खाली येतं. म्हणजे गाजलेल्या व्हिडिओचं एकंदर प्रमाण पडलेल्या व्हिडिओहून कमी असू शकतं. म्हणून आम्ही प्रत्येक व्हिडिओचे फक्त पहिल्या सात दिवसांचे आकडे घेतले, आणि शोधातून आलेले प्रेक्षक व होम पानावरून आलेले प्रेक्षक वेगळे मांडले. शोधणाऱ्याला चकली हवीच असते. होम पानावरचा माणूस नुसता चाळत असतो.

एवढं करूनही उजळ सुरुवातीच्या व्हिडिओंचं क्लिकचं प्रमाण जास्तच दिसत होतं. बहिणीचं म्हणणं वरकरणी खरं ठरत होतं. मग मी साठ व्हिडिओंची नावं उजळपणाच्या क्रमानं लावली आणि यादी तिला पाठवली. तिनं ती वाचली आणि दोन मिनिटांत तिचाच फोन आला. "अरे, वरचे सगळे फराळाचे आणि उकडीच्या मोदकांचे आहेत! ते मी सुट्टीच्या दिवशी सकाळी करते, खिडकीपाशी. आणि खालच्या भाज्या-आमट्या बँकेतून घरी आल्यावर, रात्री."

तिसरं जे काही होतं, ते हे. ते कसं काम करतं हे कळावं म्हणून सोपे, गोल आकडे घेतो. हे आकडे तिच्या चॅनेलचे नाहीत, केवळ समजण्यासाठी आहेत. समजा, साठांपैकी २४ व्हिडिओ सणाच्या पदार्थांचे आणि ३६ रोजच्या भाज्यांचे. सणाच्या व्हिडिओंवर, सुरुवात उजळ असो वा काळपट, ८ टक्के क्लिक मिळतात. रोजच्यांवर, उजळ असो वा काळपट, ४ टक्के. म्हणजे उजेडाचा परिणाम शून्य. आता उजळ सुरुवातीच्या तीस व्हिडिओंत २० सणाचे आहेत आणि १० रोजचे, तर काळपट तिसांत फक्त ४ सणाचे आणि २६ रोजचे. उजळ गटाची सरासरी येते जवळपास ६.७ टक्के आणि काळपट गटाची ४.५. दोन टक्क्यांहून मोठा फरक, आणि त्यात उजेडाचं योगदान काहीच नाही. सगळा फरक दिवाळीचा आहे. दिवाळीत लोक चकली शोधतात, दिवाळीची चकली सकाळी तळली जाते, आणि सकाळी खिडकीतून ऊन येतं.

असे अनेक व्हिडिओ एकत्र तोलताना हा घोटाळा जवळजवळ ठरलेला असतो, कारण प्रकाश कधीच एकटा येत नाही. तो वेळेबरोबर येतो, ऋतूबरोबर येतो, नव्या मोबाइलबरोबर येतो. चॅनेल जुनं होत जातं तसा माणूस दिवे विकत घेतो, त्याच काळात त्याचे प्रेक्षकही वाढतात, आणि दोन्ही रेषा सोबतच वर चढतात. त्यामुळे तुलना करायची ती सणाच्या व्हिडिओची सणाच्या व्हिडिओशी, एकाच वर्षातल्या व्हिडिओंची आपसांत. आम्ही तशी केली तेव्हा उजेड आणि क्लिकचं नातं इतकं बारीक झालं, की आहे म्हणणंही अवघड झालं.

बारीक नातं खरं की नशिबाचा खेळ, हे कळायला दोन साधे हिशेब पुरतात. पहिला एकेका व्हिडिओचा. २,००० इम्प्रेशनवर ५ टक्के, म्हणजे १०० क्लिक आले, तर तो आकडा नुसत्या योगायोगानं ४ ते ६ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही पडू शकला असता. दोन व्हिडिओंमधला एका टक्क्याचा फरक अशा वेळी फरक म्हणून धरायचाच नाही. बहिणीच्या बऱ्याच व्हिडिओंना पहिल्या आठवड्यात एवढेही इम्प्रेशन मिळालेले नव्हते. दुसरा हिशेब सगळ्यांचा मिळून. साठ व्हिडिओंच्या उजळपणाचे आकडे साठ चिठ्ठ्यांवर लिहायचे, चिठ्ठ्या मिसळायच्या आणि कोणत्याही व्हिडिओला कोणतीही चिठ्ठी द्यायची. मग उजेड आणि क्लिकचं नातं पुन्हा मोजायचं. असं संगणकाकडून हजार वेळा करून घ्यायचं. मिसळलेल्या चिठ्ठ्यांतूनही आपल्याला दिसलं तेवढं नातं शंभर-दीडशे वेळा निघत असेल, तर मूळ नात्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. आणि इथे आणखी एक लोभ असतो. उजेड नाही जुळला तर तांबडा बघू, तांबडा नाही तर पिवळा, क्लिक नाही तर पाहण्याचा वेळ, असं करत वीस जोड्या तपासल्या तर त्यांतली एखादी निव्वळ योगायोगानं जुळतेच. माझ्या तक्त्यात 'पिवळा रंग जास्त, तर क्लिक जास्त' अशी एक ओळ लखलखत होती. मला ती फार आवडली होती. पण मी तेवीस जोड्या तपासल्या होत्या, म्हणून ती ओळ मी खोडली.

मग पहिल्या शॉटचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण तो क्लिकच्या पलीकडे. क्लिक झाल्यावर माणूस थांबतो की जातो, तिथे पहिल्या शॉटचं राज्य सुरू होतं. यूट्यूबच्या स्टुडिओत प्रत्येक व्हिडिओखाली एक उतरती रेषा असते, तिला रिटेन्शन म्हणतात. ती डावीकडे वरून निघते आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात दरड कोसळावी तशी खाली येते. तिसाव्या सेकंदाला किती टक्के प्रेक्षक उरले, हा आकडा स्टुडिओ वेगळा काढून दाखवतो. सुरुवातीच्या शॉटशी काही जोडायचंच असेल, तर ते या आकड्याशी जोडावं.

यातही एक खाच आहे. अनेक व्हिडिओंची रेषा एकदम उतरवून घ्यायची तर ती शंभर समान तुकड्यांत मिळते, व्हिडिओ कितीही लांब असो. चार मिनिटांच्या व्हिडिओचा एक तुकडा २.४ सेकंदांचा, बारा मिनिटांच्या व्हिडिओचा ७.२ सेकंदांचा. लांब व्हिडिओत पाच सेकंदांचा पहिला शॉट पहिल्याच तुकड्यात गडप होतो. म्हणून 'पहिल्या पाच टक्क्यांत किती उरले' असं कधी विचारायचं नाही, कारण त्याचा अर्थ दर व्हिडिओला वेगळा निघतो. नेहमी सेकंदांतच विचारायचं. बारा मिनिटांच्या व्हिडिओत चौथा बिंदू २८.८ सेकंदांचा आणि पाचवा ३६ सेकंदांचा. चौथ्यावर ७० टक्के आणि पाचव्यावर ६६ टक्के प्रेक्षक असतील, तर तिसावं सेकंद त्या अंतराच्या सहाव्या हिश्श्यावर येतं, म्हणजे उत्तर साधारण ६९.३ टक्के.

आणि हा आकडा एकटा वाचायचा नाही. समजा, एका व्हिडिओचं क्लिकचं प्रमाण ६ टक्के आणि तिसाव्या सेकंदाला ६० टक्के माणसं उरलेली. दुसऱ्याचं भडक थंबनेल लावून क्लिक ८ टक्क्यांवर नेलं, पण उरले ४२ टक्के. हजार जणांना थंबनेल दिसलं तर पहिल्यात ३६ माणसं स्वयंपाक बघत उभी आहेत, दुसऱ्यात ३४. क्लिक वाढले आणि प्रेक्षक घटले. जास्त लोकांना आत ओढलं की त्यांत चुकून आलेलेही वाढतात आणि ते पहिल्याच शॉटला परत फिरतात. मग पहिला शॉट वाईट होता असं आपण म्हणतो, आणि खरा दोष दारावरच्या पाटीचा असतो. यूट्यूबनं थंबनेल ताडून बघायची सोय दिली आहे. एका व्हिडिओला तीनपर्यंत थंबनेल लावता येतात, प्रेक्षकांना ती वाटून दाखवली जातात आणि त्यांतलं सरस कोणतं ते पाहण्याच्या वेळावरून ठरतं, क्लिकवरून नाही. मला ते योग्य वाटतं.

पाटी आणि घर यांच्यातली ही तफावत रंगांतही मोजता येते. थंबनेलमधले पाच ढीग आणि पहिल्या शॉटमधले पाच ढीग शेजारी ठेवायचे आणि त्यांच्यातलं अंतर काढायचं. तांबड्या रश्श्याचंच बघा. थंबनेलवर तर्री मी इतकी रंगवली होती की ती कुंकवासारखी दिसत होती. आत पहिला शॉट ट्यूबलाइटखालच्या कच्च्या कांद्याचा, फिक्कट आणि निळसर. नुसत्या उजेडानं मोजलं तर दोन्ही चित्रं सारखीच उजळ. रंगाचं अंतर मात्र सगळ्या साठांत जवळपास सर्वांत मोठं, आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात सर्वांत जास्त माणसं गमावलेल्या व्हिडिओंतही तो होता. एका व्हिडिओवरून काही सिद्ध होत नाही. पण उजेडाचा पाठपुरावा करण्यापेक्षा या अंतराचा करावा, असं मला तेव्हापासून वाटतं. पाहणाऱ्याला तांबडा रस्सा कबूल केला होता आणि त्याला कांदा दिसला.

आता राहिला बहिणीचा मूळ प्रश्न. उजळ सुरुवातीनं काही फरक पडतो का? जुने व्हिडिओ कितीही चाळले तरी याचं पक्कं उत्तर मिळणार नव्हतं, कारण जुन्या व्हिडिओंत उजेड, सण आणि वेळ यांचा गुंता झालेला होता. थंबनेलसारखा पहिला शॉटही एकाच व्हिडिओत आलटून पालटून दाखवता आला असता तर काम सोपं झालं असतं, पण तशी सोय नाही. एकदा चढवलेल्या व्हिडिओची सुरुवात फार तर कापता येते, बदलता येत नाही. मग एकच मार्ग उरतो. उजेड कोणत्या व्हिडिओला द्यायचा हे बहिणीनं ठरवायचं नाही, सवडीनं ठरवायचं नाही, ऋतूनंही नाही. ते नाण्यानं ठरवायचं.

आम्ही असं ठरवलं. पदार्थ, पहिलं वाक्य आणि थंबनेल आधी पक्कं करायचं. मग नाणं उडवायचं. छापा आला तर ओट्यावरचा दिवा लावून पहिला शॉट, काटा आला तर तो दिवा बंद ठेवून. शॉट तोच, कढईत फोडणी पडतानाचा, मोबाइल त्याच जागी. पडद्यावर बोट दाबून धरून उजेडाची पातळी कुलूपबंद करायची, म्हणजे मोबाइल स्वतःच्या मर्जीनं चित्र उचलणार नाही. असे चाळीस व्हिडिओ. सण आला तरी नाणं उडवायचंच, म्हणजे फराळातही दोन्ही प्रकार येतील.

चाळीस पुरतील का, हेही आधीच बघून ठेवलं. दोन व्हिडिओंच्या तिसाव्या सेकंदाच्या आकड्यांत साधारण आठ टक्क्यांचं चढउतार असतं असं धरलं, तर वीस-वीसच्या दोन गटांतला फरक पाच टक्क्यांहून मोठा असेल तरच खात्रीनं दिसेल. उजेडानं दोन टक्के माणसं जास्त थांबत असतील तर ते आम्हाला दिसणार नाही, आणि त्यासाठी शेकडो व्हिडिओ लागतील. बहिणीला हे सांगितलं तेव्हा ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "दोन टक्क्यांसाठी मी दिवा विकत घेणारही नव्हते. पाचाचं कळलं तरी पुरे."

हा प्रयोग तिच्या स्वयंपाकघराचा आणि तिच्या प्रेक्षकांचा आहे. भुताच्या गोष्टी सांगणाऱ्याला किंवा ट्रॅक्टर दुरुस्त करून दाखवणाऱ्याला त्याचं उत्तर लागू पडायचं कारण नाही. गोष्टीवाल्याकडे काळोख हाच कबूल केलेला रंग असतो.

परवा तिनं चौदावा व्हिडिओ पाठवला, भरल्या वांग्यांचा. दिवा बंद होता, मोहरी अंधारात तडतडत होती आणि तेलावर खिडकीचा एवढासा उजेड हलत होता. संकलन करताना तो शॉट मला फार सुंदर वाटला, पण वहीत मी फक्त 'काटा' आणि ४७ हा आकडा लिहिला. नाणं ती मिसळणाच्या डब्यात, जिऱ्याच्या वाटीशेजारी ठेवते. अजून सव्वीस पदार्थ व्हायचे आहेत.